पक्षिमित्र की पक्षीमित्र? समासातल्या पहिल्या पदाच्या इकार-उकाराविषयी

गिरणातीर (जळगाव)

नमस्कार. हतनूर जलाशयावरील पक्ष्यांविषयी आमच्या मंडळाची स्मरणिका पुढील महिन्यात छापायला जाणार आहे आणि तिच्या शुद्धलेखनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सतरा जणांचे लेख आहेत. त्यांत एकाच पानावर 'पक्षिमित्र', 'पक्षीमित्र' आणि 'पक्षी मित्र' अशी तीन रूपे सापडली, तेव्हा मी थांबले. सुट्या शब्दांविषयी माझ्या मनात शंका नाही. कवी, बुद्धी, गुरू, पशू हे तत्सम शब्द मराठीत एकटे आले की शेवटचा स्वर दीर्घ लिहायचा, हे शाळेपासून अंगवळणी पडलेले आहे. प्रश्न येतो तो हेच शब्द समासात पहिल्या जागी बसतात तेव्हा. 'पक्षिमित्र' ह्रस्व आणि 'नदीपात्र' दीर्घ, असे एका वाक्यात लिहिले की लेखक फोन करून विचारतात, "ताई, एक काहीतरी ठरवा ना." मला नुसती शब्दांची यादी नको आहे, कारण यादीबाहेरचा शब्द आला की पुन्हा तीच अडचण येते. शब्द समोर आला की निर्णय कसा करावा, ते समजून घ्यायचे आहे. कसोटीसाठी एका लेखातला उतारा आला तसाच देते:

"हतनूर जलाशयावर थंडीत येणाऱ्या पक्षांची पक्षीगणना आमच्या पक्षीमित्रांनी केली. ऋतूमान बदलल्याने नदीकाठची वस्तूस्थिती निराळी होती. पाणीपातळी उतरली की भूमी उघडी पडते आणि पक्षी चिखलात भक्ष्य शोधतात. या निरिक्षणामागे आमचा दृष्टीकोन अभ्यासाचा होता."

भुसावळकर

ताई, मी एक सोपी युक्ती वापरतो. शब्दाचे अनेकवचन करून पाहावे. अनेकवचनात 'या' आला, म्हणजे नदीचे नद्या, तर तो शब्द मुळात दीर्घ आणि समासातही दीर्घ. अनेकवचनात शब्द बदलला नाही, म्हणजे कवीचे कवी, कृतीचे कृती, तर तो मुळात ह्रस्व आणि समासात ह्रस्व. म्हणून नदीकाठ दीर्घ आणि कविसंमेलन ह्रस्व. दहा वर्षे मी एका साप्ताहिकाची प्रुफे याच युक्तीवर तपासली आहेत.

कळण्याची भाकरी (अमळनेर)

भुसावळकर, आपली युक्ती पुष्कळ वेळा बरोबर उत्तर देते, म्हणूनच ती धोक्याची आहे. 'समिती'चे अनेकवचन 'समित्या' होते, पण संस्कृतात तो शब्द 'समिति' असा ह्रस्व आहे, त्यामुळे 'समितिप्रमुख' असेच लिहावे लागते. उलट 'दासी'चे अनेकवचन 'दासी' असेच राहते, तरी समासात 'दासीपुत्र' दीर्घच. मराठीने अनेकवचन कसे करावे हा मराठीचा व्यवहार आहे आणि मूळ शब्दाचा शेवट कसा होता हा संस्कृतचा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो, निर्णय करता येत नाही.

मी संस्कृत शिकवत असे, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. तत्सम शब्द मराठीत आला आणि वाक्यात मराठी शब्द म्हणून वावरू लागला की शेवटचा इ-उ आपण दीर्घ उच्चारतो आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो उच्चारच लेखनात स्वीकारला. मराठी प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले तरी तो दीर्घच राहतो: कवीने, बुद्धीला, गुरूंसाठी, भूमीवर. पण 'कविसंमेलन' हा शब्द आपण कवी आणि संमेलन यांची गाठ मराठीच्या अंगणात मारून केलेला नाही. त्याची बांधणी संस्कृतची आहे. म्हणून त्यातले पहिले पद संस्कृतात जसे होते तसेच राहते: ह्रस्व असेल तर ह्रस्व, दीर्घ असेल तर दीर्घ. हे पटायला आठवड्याचे वार पुरेत. 'रवी' एकटा दीर्घ, पण 'रवीवार' कोणी लिहीत नाही. 'गुरू' एकटा दीर्घ, पण वार 'गुरुवार'. 'शनी' दीर्घ, वार 'शनिवार'. हाच न्याय मूर्तिकार, दृष्टिकोन, वस्तुस्थिती, मृत्युपत्र, ऋतुचक्र आणि जंतुनाशक यांना लावायचा आहे. मूर्तिकाराचा 'ति' दीर्घ लिहिणारा माणूस शनिवारचा 'नि' मात्र ह्रस्व लिहितो, कारण तो शब्द त्याने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेला असतो.

दीर्घच राहणारे शब्द त्या मानाने थोडे आहेत. नदी, देवी, लक्ष्मी, वाणी, पत्नी, पृथ्वी, स्त्री हे बहुतेक स्त्रीलिंगी ईकारान्त, आणि ऊकारान्तांत वधू, भू, चमू असे मोजके. म्हणून नदीपात्र, लक्ष्मीपूजन, वाणीदोष, स्त्रीशिक्षण, वधूवर, भूगोल. उकाराच्या बाबतीत तर ह्रस्व धरून चालले तरी चुकण्याची वेळ क्वचितच येते.

रवि नंदुरबार

धागा वाचून विचारावेसे वाटले. माझे नाव आधारपत्रावर 'रवि' आहे आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव 'रवी' लिहिले आहे. आपण सांगता त्याप्रमाणे संस्कृतात ह्रस्व आहे, म्हणजे माझे आधारपत्र बरोबर आणि शाळेची चूक, असेच ना? शाळेत अर्ज द्यावा काय?

कळण्याची भाकरी

रविभाऊ, आपला प्रश्न समासाचा नाही, सुट्या नावाचा आहे. नियमाप्रमाणे व्यक्तिनामेसुद्धा एकटी आली की दीर्घान्त लिहावीत, म्हणून सामान्य मजकुरात 'रवी' लिहिणारी शाळा नियमाला धरून आहे. परंतु कागदपत्रात नाव एकसारखे असणे ही व्यवहाराची गरज आहे आणि ती शुद्धलेखनाने सुटत नाही. दोन्ही कागदांवर एकच रूप करून घ्या, एवढेच मी म्हणेन. ओघातच, मी वर लिहिलेला 'व्यक्तिनामे' हा शब्द पाहा. 'व्यक्ती' एकटी दीर्घ, समासात ह्रस्व.

गिरणातीर

सर, आपले विवेचन पटले, पण माझी अडचण नेमकी 'पक्षी' या शब्दाची आहे. माझी मुलगी दहावीला संस्कृत शिकते. तिला विचारले तर ती म्हणाली, "आई, संस्कृतात 'पक्षी' दीर्घच आहे, 'कविः' सारखा 'पक्षिः' नाही." मग मूळ रूप दीर्घ असेल तर 'पक्षीमित्र' का चुकीचे?

कळण्याची भाकरी

मुलीचे निरीक्षण अचूक आहे आणि गोंधळाचे मूळही तेच आहे. 'पक्षी' हे संस्कृतातले प्रथमेचे एकवचन आहे, मूळ शब्द नाही. मूळ शब्द 'पक्षिन्', म्हणजे पंख असलेला. मराठीने प्रथमेचे रूप उचलले, म्हणून एकटा 'पक्षी' दीर्घ. समासात मात्र प्रथमेचे रूप जात नाही, मूळ शब्द जातो, शेवटचा न् गळतो आणि 'पक्षि' उरते. विद्यार्थिन्, मंत्रिन्, प्राणिन्, स्वामिन्, योगिन्, कर्मचारिन् यांचे असेच होते. त्यामुळे विद्यार्थिगृह, मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, स्वामिभक्ती, योगिराज, कर्मचारिवर्ग. मुलीला 'पक्षी' शब्द पुढच्या विभक्तींत चालवायला सांगा. 'पक्षिणा', 'पक्षिणः' अशी रूपे आली की ह्रस्व 'क्षि' तिच्या डोळ्यांपुढे येईल, आणि 'नदी' चालवताना एकवचनात तसा 'न' कोठेही येत नाही हेही तिला दिसेल.

ज्यांचे संस्कृत झालेले नाही त्यांच्यासाठी मराठीतच एक खूण आहे. शब्दाचे स्त्रीलिंग करून पाहावे. विद्यार्थी-विद्यार्थिनी, योगी-योगिनी, स्वामी-स्वामिनी, पक्षी-पक्षिणी. पुरुषवाचक रूपात गळालेला न् इथे पुन्हा वर येतो आणि त्याच्या आधीची 'इ' ह्रस्व असते. हीच 'इ' समासात लिहायची.

भुसावळकर

सर, माझी युक्ती मागे घेतो, पण आपल्या खुणेलाही एक शंका आहे. शेतकरी-शेतकरीण, माळी-माळीण यांतही 'न' किंवा 'ण' येतो. मग 'शेतकरिसंघटना' लिहायची काय? आमच्या रावेर-यावल पट्ट्यात रोज शेतकऱ्यांविषयी लिहावे लागते, म्हणून विचारतो.

तोरणमाळ

याच ठिकाणी माझ्या हातून मोठी चूक झाली होती, ती सांगतो. मी नवा असताना 'मंत्रिमंडळ', 'पक्षिमित्र' शिकलो आणि त्या उत्साहात एका ग्रामपंचायतीच्या अहवालात जिथे जिथे 'पाणीपुरवठा' होते तिथे तिथे 'पाणिपुरवठा' केले. अहवाल छापून आला तेव्हा एका वयस्क शिक्षकांनी मला बोलावून 'पाणिग्रहण' या शब्दाचा अर्थ विचारला. संस्कृतात 'पाणि' म्हणजे हात. लग्नात हात धरायचा तो पाणिग्रहणाचा हात मी गावाच्या नळाला जोडला होता. 'पाणी' हा 'पानीय'वरून घडलेला मराठी शब्द आहे, तो तत्सम नाही. त्याला संस्कृत समासाचा नियम लागूच होत नाही, म्हणून पाणीपुरवठा, पाणीपातळी, पाणीपट्टी सगळे दीर्घ. पंचावन्न पानांतली ती दुरुस्ती मला उलटी करावी लागली आणि पुन्हा छपाईचा खर्च मंडळींनी सोसला.

तेव्हापासून मी पहिला प्रश्न ह्रस्व-दीर्घाचा विचारत नाही. शब्द तत्सम आहे का, हे आधी ठरवतो. 'शेतकरी'तला 'करी' मराठी आहे, म्हणून शेतकरीवर्ग, वारकरीपंथ, गावकरीमंडळ. 'हत्ती' मराठी, म्हणून 'हत्तीरोग'. 'हस्ती' तत्सम आणि मुळात 'हस्तिन्', म्हणून 'हस्तिदंत'. एकाच प्राण्याची दोन नावे आणि दोन वेगळी लेखने, हे उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो.

कळण्याची भाकरी

तोरणमाळ यांनी माझ्या उत्तरात राहिलेली पायरी भरून काढली. स्त्रीलिंगाची खूण फक्त तत्सम शब्दांपुरती वापरायची. शब्द संस्कृतात आहे त्या रूपात मराठीत आला असेल तरच पुढे जायचे. भुसावळकर, 'शेतकरीसंघटना' दीर्घच लिहा. 'केळीबाग', 'नोंदणीपत्र', 'शेळीपालन' यांनाही हात लावू नका.

जुना जुळारी (धुळे)

मी १९६८ पासून धुळ्यात छापखान्यात खिळे जुळवले, त्यामुळे दोन शब्द लिहितो. आमच्या उमेदीच्या काळात हाताखाली येणाऱ्या हस्तलिखितांत दोन पिढ्यांचे लेखन एकत्र असे. वयस्क लेखक 'कवि', 'बुद्धि', 'गुरु' असे मुळाप्रमाणे ह्रस्व लिहीत आणि तरुण लेखक नव्या नियमाप्रमाणे दीर्घ. महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, पण लोकांच्या बोटांत नवी सवय यायला वर्षे गेली. जुन्या लेखकांना समासाची अडचण कधी आली नाही, कारण त्यांच्याकडे 'कवि'ही ह्रस्व आणि 'कविराज'ही ह्रस्व. दोन रूपे सांभाळण्याचे काम नव्या नियमानंतर सुरू झाले. म्हणून आजचा लेखक 'पक्षीमित्र' लिहितो तेव्हा तो निष्काळजी असतो असे मला वाटत नाही. सुटा शब्द दीर्घ लिहायची सवय त्याने पक्की केली आणि तीच सवय समासात नेली.

मुद्रितशोधकांना एक व्यवहाराची सूचना करतो. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना सुट्या 'कवि'चा 'कवी' करण्याआधी ती आवृत्ती मूळ लेखन जपणारी आहे की आजच्या वाचकासाठी आहे, हे प्रकाशकाकडून लिहून घ्या. निम्म्या पानांवर 'कवि' आणि निम्म्यांवर 'कवी' असे पुस्तक मी हातांनी जुळवले आहे आणि ते पाहून अजूनही वाईट वाटते.

गिरणातीर

नाना, आपण लिहिल्यामुळे लेखकांकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आता एक अवघड गोष्ट. आमच्या स्मरणिकेत 'पक्षी अभयारण्य', 'विद्यार्थी संघटना', 'कृषी विद्यापीठ' असे शब्द सुटे लिहिलेले आहेत. हे समासच आहेत. मग सुटे असले तरी पहिले पद ह्रस्व करावे का? 'कृषि' असे ह्रस्व लिहिलेल्या पाट्या तर सरकारी कार्यालयांवरही दिसतात.

कळण्याची भाकरी

शब्द सुटा लिहिला की तो एकटा उभा आहे असे मानावे आणि दीर्घ लिहावा. जोडून लिहिला तर समास म्हणून ह्रस्व. म्हणजे 'विद्यार्थी संघटना' किंवा 'विद्यार्थिसंघटना', 'कृषी विद्यापीठ' किंवा 'कृषिविद्यापीठ'. 'विद्यार्थि संघटना' असे तोडून ह्रस्व लिहिणे मात्र दोन्ही बाजूंनी चुकते. माझा स्वतःचा कल समास जोडून लिहिण्याकडे आहे, कारण तोडल्याने अर्थाची गाठ सैल होते. तरी 'पक्षी अभयारण्य' मीही सुटेच लिहीन. जोडायचे तर संधी होऊन 'पक्ष्यभयारण्य' होईल आणि तो शब्द वाचकाला ओळखूही येणार नाही.

संधीचा विषय निघालाच आहे, तर जे संपादक 'समासात ह्रस्व' एवढेच पाठ करतात त्यांची फसगत इथे होते. पुढचे पद इ-ई किंवा उ-ऊ ने सुरू होत असेल तर दोन स्वर मिळून दीर्घ होतात. रवि आणि इंद्र मिळून 'रवींद्र', गिरि आणि ईश मिळून 'गिरीश', गुरु आणि उपदेश मिळून 'गुरूपदेश'. म्हणून 'गुरुपौर्णिमा' ह्रस्व आणि 'गुरूपदेश' दीर्घ, दोन्ही बरोबर. प्रश्नपत्रिकांत 'लघुत्तरी प्रश्न' छापतात, तिथे 'लघूत्तरी' हवे. 'निरीक्षण', 'परीक्षा', 'प्रतीक्षा', 'अधीक्षक' यांतला दीर्घ स्वरही 'ईक्ष'मधूनच आलेला आहे. तो कधीही ह्रस्व होत नाही. आणि 'हृषीकेश' हा 'ऋषी'चा समास समजून 'ऋषिकेश' केला जातो, तो मुळात 'हृषीक' आणि 'ईश' यांचा आहे.

तोरणमाळ

मग 'बहुउद्देशीय संस्था' याचे काय करावे? खानदेशात अशा नावाची संस्था नाही असे गाव शोधावे लागेल. संधी केली तर 'बहूद्देशीय' व्हायला हवे.

कळण्याची भाकरी

संधी केली तर 'बहूद्देशीय' दीर्घ. संधी न करता लिहिले तर 'बहुउद्देशीय', त्यात 'हु' ह्रस्व. 'बहूउद्देशीय' हे रूप मात्र कोणत्याच बाजूने सिद्ध होत नाही. संस्थेचे नोंदणीकृत नाव असेल तर ते नोंदणीप्रमाणेच छापावे, असे माझे मत आहे.

जुना जुळारी

इथे मी आपल्याशी सहमत नाही. पत्ता, पावती, मुखपृष्ठ यांवर नोंदणीचे नाव ठेवावे, ते कायद्याचे काम आहे. लेखाच्या अंगात मात्र शुद्ध रूपच छापावे. नाहीतर पोर वाचते तेव्हा अशुद्ध रूपच त्याच्या डोळ्यांत बसते.

गिरणातीर

नाना, हा माझ्या दारातलाच प्रश्न आहे. आमच्या मंडळाच्या नोंदणीपत्रावर 'पक्षीमित्र' असे दीर्घ नाव आहे. अध्यक्षांना मी विचारले. ते म्हणाले, "नाव बदलायचे तर सभा, ठराव, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या, एवढे कोण करणार?" म्हणून मुखपृष्ठावर नोंदणीचे नाव जाईल. आतल्या पानांवर मंडळाचे पूर्ण नाव येते तिथे नोंदणीप्रमाणे आणि सामान्यनाम म्हणून येते तिथे 'पक्षिमित्र', असे मी तूर्त ठरवले आहे. सरांना आणि नानांना दोघांनाही हे पूर्ण पटणार नाही याची मला जाणीव आहे.

भुसावळकर

एक विचारायचे राहिले. 'ऋतूनुसार', 'परिस्थितीनुसार' हे शब्द दीर्घ का लिहितात? 'अनुसार' तर संस्कृत आहे, मग समास मानून ह्रस्व नको का? आणि साने गुरुजी अमळनेरला शिकवत असत, त्यांच्या नावातला 'रु' ह्रस्वच छापलेला पाहतो. 'गुरू' अधिक मराठी 'जी', मग तो दीर्घ का नाही?

कळण्याची भाकरी

'अनुसार'ची संस्कृत संधी केली तर 'ऋत्वनुसार', 'परिस्थित्यनुसार' अशी रूपे होतात. ती कोणी लिहीत नाही. मराठीने 'नुसार' हे 'प्रमाणे'सारखे शब्दयोगी अव्यय करून घेतले आहे, आणि अव्ययापूर्वी आपण नेहमीचे सामान्यरूप ठेवतो. म्हणून 'परिस्थितीप्रमाणे' तसेच 'परिस्थितीनुसार'. मात्र 'विधिपूर्वक', 'भक्तिपूर्वक', 'बुद्धिपुरस्सर' यांत उत्तरपद संस्कृत बांधणीतच राहिले आहे, म्हणून तिथे ह्रस्व. 'कवित्व', 'गुरुत्व', 'बुद्धिमान', 'गतिमान' यांत संस्कृत प्रत्यय आहेत, तिथेही ह्रस्व.

'गुरुजी'विषयी माझ्याकडे निर्विवाद उत्तर नाही. 'जी' हा आदरार्थी शब्द धरून 'गुरूजी' करणारे लोक आहेत. मी स्वतः 'गुरुजी' हा आता एकसंध मराठी शब्द मानतो, आणि मराठी शब्दाचा शेवट दीर्घ असला की त्याआधीचा इकार-उकार ह्रस्व असतो, जसे 'सुरू', 'किडा', 'विळी'. त्या वाटेने 'गुरुजी' ह्रस्व येतो. रूढीही त्याच बाजूची आहे.

रवि नंदुरबार

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आभारी आहे. आमच्याकडे अहिराणी गाण्यांचा संग्रह तयार होत आहे. त्यालाही हेच नियम लावायचे का?

तोरणमाळ

नाही, रविभाऊ. हे नियम प्रमाण मराठीतल्या तत्सम शब्दांपुरते आहेत. अहिराणी गाण्यात गाणाऱ्याच्या तोंडचा उच्चार जसा ऐकू येतो तसा लिहावा. प्रस्तावना आणि टिपा प्रमाण मराठीत असतील तर तेवढ्याच भागाला हे लावावे. संग्रहात बहिणाबाईंचा उल्लेख येणार असेल तर 'कवियत्री' होणार नाही एवढे पाहा. तो शब्द 'कवी'ला प्रत्यय लावून केलेला नाही. 'कवयितृ' या शब्दाचे स्त्रीलिंग 'कवयित्री' आहे.

गिरणातीर

सर्वांच्या सांगण्याप्रमाणे तो उतारा दुरुस्त केला आहे. प्रत्येक शब्दापाशी काय ठरवले तेही लिहिते, म्हणजे चुकत असल्यास सांगता येईल.

'पक्षांची' हा शब्द मी आधी सोडूनच दिला होता. 'पक्षी'चे सामान्यरूप 'पक्ष्यां-' असे होते. 'पक्षांची' म्हटले की ते राजकीय पक्ष होतात. म्हणून 'पक्ष्यांची'. 'पक्षिगणना' आणि 'पक्षिमित्रांनी' यांत मूळ 'पक्षिन्', म्हणून ह्रस्व. 'मित्रांनी'ला लागलेल्या मराठी प्रत्ययाने पहिल्या पदात फरक पडत नाही. 'ऋतुमान' आणि 'वस्तुस्थिती' ह्रस्व, कारण मूळ 'ऋतु' आणि 'वस्तु'. 'वस्तुस्थिती'च्या शेवटचा 'ती' मात्र दीर्घ, कारण शेवटचे पद मराठीत उभे आहे. 'नदीकाठची' तसेच ठेवले. 'काठ' मराठी असला तरी 'नदी' मुळातच दीर्घ आहे, त्यामुळे प्रश्न उरत नाही. 'पाणीपातळी' मराठी म्हणून तसेच. 'भूमी' आणि 'पक्षी' सुटे, म्हणून दीर्घ. 'निरीक्षणामागे' 'ईक्ष'मुळे दीर्घ आणि 'दृष्टिकोन' समासामुळे ह्रस्व.

दुसऱ्या एका लेखातले तीन शब्द उरले आहेत. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते तिथल्या वर्णनात 'तापीकाठ' आहे. 'तापी' स्त्रीलिंगी ईकारान्त म्हणून मी दीर्घ ठेवला. 'भूमिपूजन' ह्रस्व केला. आणि 'पशु-पक्षी' असा जोडरेघेचा शब्द आहे, तिथे मी अडले आहे.

तोरणमाळ

मी 'पशू-पक्षी' करीन. जोडरेघ घातली की दोन्ही शब्द वेगळे दिसतात, आणि सुटा शब्द दीर्घ लिहायचा असतो.

जुना जुळारी

मी 'पशु-पक्षी' ठेवीन. जोडरेघ ही समासाचीच खूण आहे, तिने समास तुटत नाही.

कळण्याची भाकरी

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि मूळ नियमांत जोडरेघेपुरते स्वतंत्र उत्तर मला दिसत नाही. मी अशा ठिकाणी रेघ काढून 'पशुपक्षी' असे जोडून लिहितो. मग ह्रस्व असण्याविषयी वाद उरत नाही. पण शब्द लांब असतील, जसे 'विद्यार्थी-कर्मचारी-प्राध्यापक', तर जोडून लिहिणे वाचवत नाही. तिथे मी दीर्घ ठेवतो, आणि हे माझ्या पहिल्या म्हणण्याशी पूर्ण जुळत नाही हे मला ठाऊक आहे.

गिरणातीर

'पशुपक्षी' असे जोडून केले. 'विद्यार्थी-कर्मचारी' असा शब्द आमच्या एकाच लेखात, आभाराच्या परिच्छेदात आहे. तिथे 'विद्यार्थी आणि कर्मचारी' असे लिहून रेघच काढली. पहिला फर्मा उद्या छापखान्यात जातो. दुसऱ्या फर्म्यात 'प्राणिमात्र', 'रात्रिचर' आणि 'हस्तिदंत' आहेत. ते या धाग्यावर पाहून मीच दुरुस्त केले आहेत. शंका उरली ती फक्त 'रात्रीभर' या शब्दाची. 'रात्रभर' असे लिहायला लेखकांना सुचवले आहे, त्यांच्या होकाराची वाट पाहते.